मेलच्या शेवटचा ‘ना’: ‘इझन्ट इट’ आणि ‘नो’ कसे ओळखायचे, कसे काढायचे

नागपूरजवळच्या बुटीबोरीत आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात दर जून-जुलैत दोन-तीन नवी पोरं-पोरी रुजू होतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे एकच काम असतं, पार्ट्यांना मेल टाकणं. कागद कुठवर आला, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर पोचली का, रेट काय, बिल का अडलं, असे साधे मेल. पोरांचं इंग्रजी वाईट नसतं. स्पेलिंग तर माझ्यापेक्षा बरं असतं. पण वाक्य संपता संपता त्याला एक शेपूट फुटतं. ‘सर, यू हॅव रिसीव्हड अवर पीओ, नो?’ ‘द रेट इज इन्क्लुडिंग जीएसटी, इझन्ट इट?’ ‘यू विल सेंड टुमारो, नो.’ शेवटच्या वाक्यात तर प्रश्नचिन्हही नाही, नुसता पूर्णविराम.

ही इंग्रजी वाक्यं मी इथं मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. ही चूक डोळ्याची नाही, कानाची आहे. वाक्य मोठ्यानं म्हटलं की तुम्हालाच ऐकू येईल की ते इंग्रजी कपडे घालून आलेलं आपलं मराठी आहे.

फोनवर आपण काय बोलतो? ‘पीओ भेटला ना जी?’ तिकडून, ‘हाव, भेटला.’ विषय संपला. हा ‘ना’ आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की त्याशिवाय वाक्य उघडं वाटतं. हिंदीत ‘है ना’, मराठीत ‘ना’, ‘नाही का’, ‘हो की नाही’. नागपुरात तर दोन्ही भाषा एकाच जिभेवर असतात, त्यामुळे ‘ना’ दुप्पट. इंग्रजी लिहिताना तोच ‘ना’ जवळचा शब्द शोधतो, आणि आवाजानं सगळ्यात जवळ ‘नो’ असतो. जरा शिकलेला हात असेल तर ‘इझन्ट इट’ लिहितो.

बोलण्यात यात काही वावगं नाही. लंडनच्या रस्त्यावर ‘इनिट’ ऐकू येतं, फ्रेंचांचं ‘नेस्पा’ आहे, कॅनडावाल्यांचं ‘ए?’ प्रसिद्ध आहे. कर्ता कोणी असो, काळ कोणता असो, शेवटी एकच ठरलेलं शेपूट लावायचं ही सवय जगभर आहे. म्हणून कोणी तुमच्या बोलण्यातल्या ‘नो’ला हसलं तर मनावर घेऊ नका. अडचण फक्त लिहिण्याची आहे, त्यातही ऑफिसच्या लिहिण्याची.

फोनवर ‘ना’ला चाल असते. ‘माल निघाला ना?’ म्हणताना आवाज वर चढवला तर तो खरा प्रश्न असतो, तुम्हाला ठाऊक नसतं. तेच वाक्य आवाज खाली आणत म्हटलं तर अर्थ होतो, ‘निघालाच असेल, तू फक्त हो म्हण.’ आणि दात आवळून म्हटलं तर ती सरळ झाडणी असते. इंग्रजी वाक्याच्या शेपटाचं, म्हणजे टॅगचंही असंच आहे, चढत्या सुरात प्रश्न आणि उतरत्या सुरात होकाराची अपेक्षा. मेलमध्ये सूर जात नाही. वाचणारा आपल्या मनाचा सूर लावतो, आणि सकाळी साडेनऊला चाळीस मेल उघडून बसलेल्या माणसाच्या मनाचा सूर फारसा गोड नसतो. तुम्ही नम्रपणे विचारलेलं ‘यू हॅव रिसीव्हड, नो?’ त्याला ‘मिळालंय तरी गप्प का?’ असं ऐकू येतं.

मागच्या वर्षी एका नव्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, मग ग्रामर बरोबर करून टाकते ना जी. इझन्ट इटच्या जागी हॅवन्ट यू.’

सगळे आधी हीच वाट धरतात, म्हणून तिचं बोलून घेऊ. दहावीला ‘ॲड अ क्वेश्चन टॅग’ असा प्रश्न सोडवलेला असतो. नियम तसा सोपा आहे. वाक्यात जे सहायक क्रियापद आहे तेच टॅगमध्ये घ्यायचं, वाक्य होकारी असेल तर टॅग नकारी आणि नकारी असेल तर होकारी, आणि कर्त्याच्या जागी त्याचं सर्वनाम. ‘यू हॅव रिसीव्हड’ला ‘हॅवन्ट यू’. ‘द ट्रक लेफ्ट’मध्ये सहायक दिसत नाही, तिथं ‘डिडन्ट इट’. ‘इझन्ट इट’ फक्त तिथंच बसतं जिथं वाक्यात ‘इज’ आहे आणि कर्ता एखादी वस्तू किंवा गोष्ट आहे. म्हणजे वरच्या जीएसटीच्या वाक्यातला टॅग व्याकरणानं चोख आहे.

पण मेल म्हणून ते तितकंच वाईट आहे. ‘यू हॅव रिसीव्हड अवर पीओ, हॅवन्ट यू?’ हे बघा. व्याकरण सुधारलं आणि वाक्य आणखी टोचायला लागलं. ‘नो’ निदान अडाणी वाटतो आणि माफ होतो. ‘हॅवन्ट यू’ पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेतल्यासारखं वाटतं. ही नुसती उपमा नाही. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 141 मध्ये सूचक प्रश्नाची व्याख्याच अशी होती की विचारणाऱ्याला हवं ते उत्तर जो प्रश्न सुचवतो, तो सूचक प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत असा प्रश्न विचारला तर समोरचा वकील हरकत घेऊ शकतो, उलटतपासणीत मात्र तो खुशाल विचारता येतो. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ही वाटणी तशीच आहे. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात बसून एखादी उलटतपासणी ऐका. वाक्यामागून वाक्य ‘हे खरं आहे ना की...’ अशाच धाटणीचं निघतं. टॅग लावलेला प्रश्न समोरच्याच्या तोंडात उत्तर घालतो. पार्टीला, साहेबाला किंवा सरकारी कार्यालयाला मेल लिहिताना आपण कोणाची उलटतपासणी घेत नसतो.

तेव्हा टॅग सुधारायचा नाही, काढायचा. पण नुसता खोडूनही भागत नाही. ‘यू विल सेंड टुमारो, नो’ मधला ‘नो’ खोडला तर ‘यू विल सेंड टुमारो’ उरतं, आणि तो हुकूम झाला. ‘ना’ तिथं काहीतरी काम करत होता. ते काम कोणतं हे ओळखून ते दुसऱ्या शब्दांना द्यावं लागतं.

ते दुसरे शब्द तुम्हाला आधीपासून येतात. तुम्ही मराठीत अर्ज लिहिला आहे. शाळेत रजेचा, कॉलेजात दाखल्याचा, तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याचा. त्यात कधी ‘साहेब, माझा अर्ज मंजूर झाला ना?’ असं लिहिलं का? हात धजणारच नाही. तिथं आपसूक ‘कृपया कळवावे’ येतं. ‘आपण म्हणाला होतात ना’ न येता ‘आपल्या दि. 12 च्या पत्रानुसार’ येतं. मराठीत आपल्याला अर्जाची भाषा आणि ओट्यावरची भाषा वेगळी आहे हे पक्कं ठाऊक असतं. इंग्रजीत ही घंटा वाजत नाही, कारण इंग्रजी आपण एकाच चवीची शिकलो. म्हणून माझी सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे: मेलमधलं शेपटीचं वाक्य मनात मराठी अर्जात लिहून बघायचं आणि तिथं जे येईल ते इंग्रजीत आणायचं.

पहिली पायरी: शेपटं शोधा

मेल लिहून झाला की लगेच पाठवू नका. आपल्याच डोळ्याला आपली शेपटं दिसत नाहीत, म्हणून शोध लावा. ब्राउझरमध्ये जीमेल असेल तर Ctrl+F दाबा. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये मात्र Ctrl+F नं मेल फॉरवर्ड व्हायला लागतो, तिथं मेल उघडून F4 दाबायचं. मग एकेक करून हे टाका:

```
?
isn't it
no?
no.
right
```

नुसतं `no` शोधू नका. ‘नॉट’, ‘नोट’, ‘नाऊ’ असा `no` असलेला प्रत्येक शब्द उजळेल आणि तुम्ही कंटाळाल. `no.` टाकल्यावर पीओ नंबर आणि इनव्हॉइस नंबरही सापडतील, ते सोडून द्यायचे. प्रश्नचिन्ह मात्र प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं. आणि `right` यादीत आहे कारण हल्लीच्या पोरांनी ‘नो’ टाकून ‘राइट?’ उचलला आहे. शर्ट नवा, माणूस तोच.

शोध लावूनही एक जात सुटते, ती म्हणजे ‘आय थिंक यू हॅव फर्गॉटन’सारखी वाक्यं. तिथं टॅग नसतो, पण मनात ‘विसरलात ना’ असतं. ती मोठ्यानं वाचल्याशिवाय सापडत नाहीत.

दुसरी पायरी: ‘ना’चं काम ओळखा

वाक्य मराठीत म्हणा, फोनवर म्हणता तसंच. मग स्वतःला विचारा की हा ‘ना’ इथं काय करतो आहे. इतक्या वर्षांत मला ऑफिसच्या मेलमध्ये त्याची चारच कामं दिसली.

कधी तो खरंच विचारतो. ‘रेटमध्ये जीएसटी धरला आहे ना?’ तुम्हाला ठाऊक नाही, जाणून घ्यायचं आहे. अर्जात इथं ‘कृपया कळवावे’ येईल. म्हणजे इंग्रजीत सरळ प्रश्न किंवा सरळ विनंती: ‘इज जीएसटी इन्क्लुडेड इन द रेट?’ किंवा ‘प्लीज कन्फर्म व्हेदर द रेट इन्क्लुड्स जीएसटी.’ पोरांना सरळ प्रश्न उद्धट वाटतो, म्हणून ती टॅगकडे पळतात. इंग्रजीत उलटं आहे. सरळ प्रश्न साधा असतो, टॅगचा प्रश्न लादलेला असतो.

कधी तो आठवण देतो. ‘आपलं बोलणं झालं होतं ना की तीस दिवसांत पेमेंट.’ इथं तुम्ही काही विचारतच नाही, दोघांना ठाऊक असलेली गोष्ट पुढं ठेवता आहात. अर्जात याला संदर्भ म्हणतात आणि संदर्भाला तारीख लागते. ‘ॲज पर युवर मेल ऑफ 12 जून, पेमेंट टर्म्स आर 30 डेज.’ बोलणं फक्त फोनवर झालं असेल तर तसंच लिहा: ‘ॲज डिस्कस्ड ओव्हर फोन ऑन 12 जून.’ तारीख आठवत नसेल तर कॉल लॉग बघा. तारीख आली की ‘ना’ची गरज संपते, कारण ‘ना’ तारखेच्याच जागी बसला होता.

कधी तो लाडीगोडी करतो. ‘उद्या पाठवा ना.’ हा ‘ना’ हुकमाचा मऊपणा आहे, त्यात प्रश्न अजिबात नाही. ‘दे ना गं’ म्हणतो तसा. याचं ‘यू विल सेंड टुमारो, नो’ केलं की मऊपणा तर जातोच, वर वचन काढून घेतल्यासारखं होतं. अर्जात इथं ‘विनंती’ येते: ‘कुड यू प्लीज सेंड इट बाय टुमारो, 4 पीएम?’ वेळ घालायला विसरू नका. ‘टुमारो’ म्हणजे पार्टीच्या हिशेबात रात्रीचे बारासुद्धा असतात.

चौथं काम रागाचं. ‘मी सांगितलं होतं ना तुम्हाला!’ हा मेलमध्ये ‘आय हॅड टोल्ड यू, नो?’ होऊन उतरतो, आणि त्याच दिवशी आमच्या साहेबांना फोन येतो. अर्जातली तक्रार कशी असते? ‘अद्याप प्राप्त झालेले नाही.’ माणूस गायब, वस्तू समोर. ‘वुई हॅव नॉट यट रिसीव्हड द टेस्ट सर्टिफिकेट रिक्वेस्टेड ऑन 12 जून.’ यात ‘तुम्ही’ नाही आणि ‘सांगितलं होतं’ही नाही. राग आहे, पण तो तारखेत लपलेला आहे. वाचणाऱ्याला तो बरोबर कळतो.

एकाच वाक्यात दोन कामं आली तर वाक्यं दोन करा. आठवण आणि राग एका वाक्यात बसले की राग आठवणीला खातो.

तिसरी पायरी: उत्तरात ‘येस’ आलं तर काय कळेल ते बघा

ही पायरी मी पैसे मोजून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं काम पुठ्ठ्याचे खोके बनवायचं. त्यासाठी क्राफ्ट पेपरचे रील वापीकडून यायचे. एका मे महिन्यात नऊ टनांची ऑर्डर दिली होती, 150 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅम भरणाऱ्या कागदाची. दुपारी आमच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की त्यांचा माल वजनदार झाला आहे, खोका 180 चा लागेल. मी घाईघाईनं मिलला मेल केला. ऊन चव्वेचाळीसच्या वर, कूलर बंद पडलेला आणि मी एका ओळीत लिहून मोकळी झाले: ‘मटेरियल इज नॉट डिस्पॅच्ड यट, नो?’

पाच मिनिटांत उत्तर आलं. एक शब्द: ‘येस.’

मी वाचलं, ‘हो, नाही निघाला.’ मराठीत असंच तर असतं. ‘तू जेवला नाहीस ना?’ ‘हो’, म्हणजे जेवलो नाही. आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो. त्यानं म्हटलं ते खरं, की मी ‘हो’ म्हणते. मी निवांत झाले, बदललेली ऑर्डर बनवली, साहेबांची सही घेतली आणि संध्याकाळी पाठवली. तिकडच्या माणसानं मात्र इंग्रजीचा ‘येस’ लिहिला होता. इंग्रजीत ‘येस’ समोरच्याच्या म्हणण्याला नसतो, घडलेल्या गोष्टीला असतो. गोष्ट घडली असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. त्याचा ‘येस’ म्हणजे, ‘इट इज डिस्पॅच्ड.’

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरून फोन आला, ‘मॅडम, वापीची गाडी येऊन राहिली.’ मला वाटलं दुसऱ्या कोणाची असेल. खाली जाऊन बघते तर आमचेच रील, नऊ टन, लेबलवर 150. उतरवायचे की परत पाठवायचे यावर तास गेला. शेवटी उतरवले, कारण परतीचं भाडं आमच्यावरच आलं असतं. तो कागद हलक्या खोक्यांत संपवायला पावसाळा उजाडला आणि तोवर गोदामाचा एक कोपरा त्यानंच अडवला. मिलशी वाद घालायला गेले तर त्यांनी माझाच मेल पुढं केला. ‘तुम्ही विचारलं, आम्ही येस म्हटलं.’ त्यात त्यांची चूक काढता येत नव्हती. माझीही पूर्ण नव्हती. चूक त्या ‘नॉट’ आणि ‘नो’च्या जोडीची होती.

अशा वाक्याला ‘येस’ काय आणि ‘नो’ काय, दोन्ही उत्तरं दोन्हीकडे झुकतात. हे ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या प्रश्नाखाली मनात एकदा नुसतं ‘येस’ लिहा आणि एकदा नुसतं ‘नो’ लिहा. प्रत्येकाचा एकच अर्थ निघाला तर प्रश्न ठीक. एकाचेही दोन निघाले तर प्रश्न मोडा.

तो मेल आज मी असा लिहीन:

```
Please put the dispatch against our PO on hold.
Has the truck already left your premises?
If yes, please share the LR number and
e-way bill number.
```

पहिल्या ओळीत जे हवं आहे तेच आधी सांगितलं आहे, कारण मला बातमी नको होती, गाडी थांबवायची होती. माझ्या मूळ मेलमध्ये ‘थांबवा’ हा शब्द कुठंच नव्हता, तो त्या ‘नो’च्या पोटात होता. दुसऱ्या ओळीत ‘नॉट’ नाही, त्यामुळे ‘येस’चा अर्थ एकच होतो. तिसरी ओळ खरी राखण आहे. एलआर म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यानं दिलेली बिल्टी, ती माल गाडीत चढल्यावर फाटते. ई-वे बिलात गाडीचा नंबर भरलेला असतो. हे दोन नंबर आले म्हणजे गाडी निघाली. नुसतं ‘येस’ येऊन नंबर आले नाहीत तर फोन उचलायचा. होकार मागण्याऐवजी नंबर, तारीख किंवा कागद मागितला की गोंधळाला जागाच उरत नाही, मग समोरच्याची भाषा मराठी असो, गुजराती असो की तमिळ.

पेमेंटच्या मेललाही हेच लागू. ‘पेमेंट इज डन, नो?’ याऐवजी ‘प्लीज शेअर द यूटीआर नंबर.’ यूटीआर म्हणजे बँकेचा त्या व्यवहाराचा नंबर, तो असेल तर बँकेतून पैसे निघाले. नसेल तर ‘डन’ला काही किंमत नाही.

चौथी पायरी: दुसऱ्याच्या शेपटीला उत्तर देताना

टॅग तुम्ही काढले तरी समोरून येणारच. ‘यू हॅव नॉट रिसीव्हड द क्रेडिट नोट, इझन्ट इट?’ असा मेल आला की ‘येस’ही लिहायचं नाही आणि ‘नो’ही नाही. पूर्ण वाक्य लिहायचं: ‘वुई हॅव नॉट रिसीव्हड द क्रेडिट नोट.’ सहा शब्द जास्त होतात, एवढंच. त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, ‘काहून ताई, येस लिहिलं आणि पुढं वाक्य लिहिलं तर?’ तरीही नको. ‘येस, वुई हॅव नॉट रिसीव्हड’ वाचताना इंग्रजीवाला पहिल्या शब्दाला एकीकडे जातो आणि चौथ्या शब्दाला परत फिरतो. मोबाइलवर वाचणारा तर पहिला शब्द वाचूनच पुढं सरकतो.

आणि समोरच्याच्या ‘इझन्ट इट’वर मेलमध्ये शेरा मारू नका. पार्टी तुमच्याकडे इंग्रजी शिकायला आलेली नाही.

कुठं राहू द्यायचं

सगळीकडून ‘ना’ हाकलायची गरज नाही. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लंचला तर्री पोहे, राइट?’ चालतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मेल असेल, दोघं एकाच कपातला चहा पिणारे असाल, तर ‘यू आर कमिंग, राइट?’ लिहा. मीही लिहिते. नेम एवढाच ठेवा की मेल पुढं तिसऱ्याला फॉरवर्ड होण्याची शक्यता असेल तर टॅग नको. आणि पैसे, माल, तारीख किंवा सही यांपैकी काही त्यात असेल तर तो मेल कधी ना कधी फॉरवर्ड होतोच.

बढतीची मुलाखत इंग्रजीत असेल, किंवा परदेशी पार्टीशी कॉल असेल, तर तिथं टॅग बोलायला हरकत नाही, फक्त तो व्याकरणाचा असावा. तिथं दहावीचा नियम कामाला येतो. ऐन वेळी जुळत नसेल तर ‘राइट?’ म्हणून निभावतं.

आता त्या मुलीचा एक मेल पूर्ण दाखवते. पार्टीचं नाव आणि आकडे बदलले आहेत, बाकी तिचंच. मूळ मेल असा होता: ‘डिअर सर, यू हॅव गॉट अवर डेबिट नोट, नो? वुई हॅड इन्फॉर्म्ड ॲट द टाइम ऑफ अनलोडिंग ओन्ली दॅट 3 रील्स वेअर वेट, इझन्ट इट? यू विल ॲडजस्ट इन नेक्स्ट बिल, नो. अवर साइड देअर इज नो प्रॉब्लेम, राइट?’

तिनं समोर बसून एकेक ‘ना’ मराठीत म्हणून बघितला. पहिला खरा प्रश्न निघाला. दुसरा आठवण होता, म्हणून तिनं गेटच्या रजिस्टरमधून उतरवणीची तारीख काढली आणि भिजलेल्या रीलचे फोटो शोधले. तिसरा लाडीगोडीचा होता. चौथ्यापाशी ती अडली. ‘हा काय करून राहिला ताई?’ आम्ही दोघींनी तो दोन-तीनदा म्हणून बघितला. तो काहीच करत नव्हता. नुसती धास्ती होती, की आपल्यावर तर येणार नाही ना. ते वाक्य तिनं पूर्ण खोडलं. उरलेला मेल असा गेला:

```
Please confirm receipt of our debit note dated 18 July.
Three reels were found wet at unloading on 15 July;
photos are attached.
Could you please adjust the amount in your next invoice?
```

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. पार्टीनं तीनपैकी दोन रील मान्य केले होते. तिसऱ्याचा फोटो अंधुक होता.